दारावरची ‘१० वर्षे’ आणि कार्डाची मागची बाजू

प्रश्न : फ्रिज घ्यायचा आहे. दुकानात एक आवडला, त्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत ‘१० वर्षे’ असं स्टिकर होतं. मी विचारलं, गॅरंटी आहे ना? दुकानदार म्हणाले, “वॉरंटी आहे, पण तुम्ही गॅरंटीच समजा, दोन्ही एकच.” बायको म्हणते, एकच असतं तर त्यांनी शब्द बदलला कशाला? दोन दिवस घरात यावरून वाद चाललाय. खरं काय? आणि ती दहा वर्षं नेमकी कशाची?

उत्तर : तुमच्या पत्नीने बरोबर जागी बोट ठेवलं आहे. मी बावीस वर्षं घरगुती उपकरणांच्या दुकानात काउंटरमागे उभा होतो आणि ‘गॅरंटीच समजा’ हे वाक्य मीही कित्येकदा बोललो आहे. कुणाला फसवायचं म्हणून नाही. गिऱ्हाईक घाईत असतं, त्याला एका शब्दात उत्तर हवं असतं, आणि ते दिलं की बोलणं पुढे सरकतं. हे वाक्य मी एका प्रसंगानंतर कायमचं सोडलं. तो प्रसंग सांगतो, पण त्याआधी दोन शब्दांचा साधा अर्थ.

बाजारात गॅरंटी म्हणतात ती अशी : वस्तू ठरल्याप्रमाणे चालली नाही तर ती बदलून देऊ किंवा पैसे परत करू. वॉरंटी म्हणजे ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या भागात, वस्तूच्या स्वतःच्या दोषामुळे बिघाड झाला तर तो दुरुस्त करून देऊ किंवा तेवढा भाग बदलून देऊ. गॅरंटीत अख्खी वस्तू अंगावर घेतलेली असते, वॉरंटीत तिची दुरुस्ती. वॉरंटीत नवा फ्रिज मिळत नाही असं नाही, पण तो शेवटचा उपाय असतो. आधी दुरुस्ती, मग पुन्हा दुरुस्ती, आणि ती जमतच नसेल तर पुढचं बोलणं.

मात्र नुसत्या शब्दावर विसंबू नका. हे दोन्ही इंग्रजी शब्द मुळात एकाच शब्दापासून आले आहेत. जुन्या फ्रेंचच्या एका बोलीत त्याचा उच्चार ‘व’ने होई, दुसरीत ‘ग’ने, आणि इंग्रजीने दोन्ही घेतले. त्यामुळे एखाद्या कागदावर गॅरंटी लिहून खाली दुरुस्तीचंच वचन दिलेलं असतं, तर एखाद्या वॉरंटीत बदलून देण्याची अटही असते. अमेरिकेत तर १९७५ सालच्या कायद्याने लेखी वॉरंटीवरच ‘पूर्ण’ की ‘मर्यादित’ हे लिहायला लावलं. पूर्ण असेल तर काही प्रयत्नांत दोष निघाला नाही की वस्तू बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे. म्हणजे आपण जिला गॅरंटी म्हणतो ती तिथे वॉरंटीच्या नावाखाली आहे. मथळा कोणता यापेक्षा खाली कोण काय कबूल करतोय हे महत्त्वाचं.

आता तो प्रसंग.

एक काका फ्रिज घेऊन चौथं वर्ष चालू असताना दुकानात आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत बिल आणि कार्ड, दोन्ही नीट जपलेलं. फ्रिज मीच विकला होता.

“शेठ, फ्रिज थंड करत नाही. कॉम्प्रेसर गेलाय म्हणतो आमचा मेकॅनिक. तुम्ही दहा वर्षांची गॅरंटी दिली होती.”

“काका, दहा वर्षं कॉम्प्रेसरवर आहेत. बाकी फ्रिजवर एक वर्ष होतं, ते संपलं.”

“मग बरोबरच आहे की. कॉम्प्रेसरच गेलाय. बदलून द्या फ्रिज.”

“फ्रिज नाही बदलून मिळणार. कॉम्प्रेसर मिळेल.”

“गॅरंटी म्हणजे बदलून देणं, असं तुम्हीच म्हणाला होतात.”

मी ‘गॅरंटीच समजा’ म्हणालो होतो. काकांनी शब्दशः तसंच समजलं होतं, आणि चूक त्यांची नव्हती. मी म्हणालो, “काका, माझा शब्द चुकला. ही वॉरंटी आहे, आणि ती देणारा मी नाही, कंपनी आहे. मी आत्ता तक्रार नोंदवतो. पण आधी सांगा, मेकॅनिकने पाइप कापलाय का?”

“नाही. मागचं झाकण काढून बघितलं आणि कॉम्प्रेसर गेला म्हणाला. तो उद्या बदलायलाच येणार होता.”

हा प्रश्न मी पहिल्यांदा का विचारला ते सांगतो. फ्रिजमधला गॅस जिथे फिरतो तो सगळा मार्ग बंद असतो, पाइप जोडून कायमचा पक्का केलेला. बाहेरच्या माणसाने तो एकदा कापला की दोष आधीचा होता की त्याच्या हातून झाला हे ठरवता येत नाही, आणि बहुतेक कार्डांत अशा वेळी वॉरंटी बाद होते असं स्पष्ट लिहिलेलं असतं. काकांची दहा वर्षं पुढच्या दिवशी सकाळी संपली असती.

दोन दिवसांनी कंपनीचा तंत्रज्ञ काकांच्या घरी आला. मीही गेलो, कारण माझ्या शब्दामुळे काका अडकले होते. फ्रिज भिंतीपासून ओढून त्याने प्लग लावला. खालून ‘टक्’ असा आवाज आला, काही सेकंद जड घरघर, पुन्हा ‘टक्’, आणि शांत. पाच-सहा मिनिटांनी परत तेच. काका म्हणाले, “बघा, उठतच नाही तो.”

लक्षण कॉम्प्रेसर अडकल्याचंच होतं. पण कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देणारा रिले गेला असेल तरीही अगदी हेच ऐकू येतं, आणि नुसतं ऐकून फरक कळत नाही. तंत्रज्ञाने प्लग काढला, कॉम्प्रेसरच्या कुशीला बसवलेलं काळं झाकण उघडलं आणि आतून काडेपेटीपेक्षा लहान असा एक डबा ओढून बाहेर काढला. तो त्याने कानाशी धरून हलवला. आतून खडखड आवाज आला. “हा गेला,” तो म्हणाला. आतली गोल चकती फुटून तिचे तुकडे झाले होते.

मग त्याने कॉम्प्रेसरवरच्या तीन पिनांना मीटर लावला. एका जोडीत ९ ओहम, दुसऱ्या जोडीत १६, तिसऱ्या जोडीत २५. लहान दोन आकड्यांची बेरीज मोठ्या आकड्याएवढी आली की आतली दोन्ही वाइंडिंग शाबूत आहेत. नंतर त्याने एक टोक पिनेला आणि दुसरं रंग खरवडून कॉम्प्रेसरच्या पत्र्याला लावलं. मीटर हलला नाही, म्हणजे बॉडीला करंट उतरत नव्हता. पिशवीतला नवा रिले बसवून त्याने प्लग लावला. एकदाच ‘टक्’, आणि कॉम्प्रेसर सावकाश घुमत राहिला. थोड्या वेळात फ्रिजच्या मागची जाळी हाताला कोमट लागायला लागली. गॅसही जागेवर होता. गॅस निघून गेला असता तर कॉम्प्रेसर चालूनही जाळी गार राहिली असती.

काका खूश झाले, आणि तंत्रज्ञाने बिल काढल्याबरोबर चिडले.

“हे कसले पैसे? दहा वर्षं आहेत ना?”

“रिले आणि भेटीचे. रिले वॉरंटीत नाही.”

“अहो, तो कॉम्प्रेसरलाच तर चिकटलेला होता!”

काकांचं म्हणणं मला आजही पटतं. डोळ्यांसमोर जो भाग कॉम्प्रेसरच्या अंगावरून निघाला तो कॉम्प्रेसरचा नाही, हे कुणाला पटेल? पण कार्ड उलटं केलं तर मागे बारीक अक्षरांत होतं : एक वर्षानंतर वॉरंटी फक्त कॉम्प्रेसरला लागू; रिले, ओव्हरलोड, थर्मोस्टॅट, वायरिंग, रबरी गास्केट, दिवा आणि प्लास्टिकचे भाग त्यात येत नाहीत. त्या कागदाच्या भाषेत कॉम्प्रेसर म्हणजे तेवढा काळा, वेल्डिंग केलेला लोखंडी गोळा. त्याच्या बाहेर जे जोडलेलं आहे ते वेगळं.

जाताजाता काकांनी विचारलं, “समजा खरंच कॉम्प्रेसर गेला असता, तर सगळं फुकट झालं असतं?”

“कॉम्प्रेसर फुकट,” तंत्रज्ञ म्हणाला. “बाकीचं नाही.”

त्याने ‘बाकीचं’ म्हटलं ते काय असतं हे तुम्ही आधीच ओळखून ठेवा, कारण दहा वर्षांच्या स्टिकरमधला सगळ्यात मोठा गैरसमज इथे होतो. कॉम्प्रेसर हा दिव्यासारखा फिरवून काढायचा आणि नवा लावायचा भाग नाही. जुना गॅस काढावा लागतो, पाइप कापून नवा कॉम्प्रेसर जोडावा लागतो, गॅसमधली ओल टिपणारी फिल्टर-ड्रायर नावाची तांब्याची नळी नवी घालावी लागते, व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि दमटपणा ओढून घ्यावा लागतो आणि शेवटी वजन करून नवा गॅस भरावा लागतो. हल्लीच्या घरगुती फ्रिजमध्ये बहुधा आर-६००ए गॅस असतो. तो ज्वालाग्राही आहे आणि अख्ख्या फ्रिजला १०० ग्रॅमपेक्षाही कमी लागतो, म्हणून अंदाजाने भरून चालत नाही. गॅस, ड्रायर, मजुरी आणि फ्रिज वर्कशॉपला न्यावा लागला तर ने-आण, हे सगळं अनेक कार्डांवर मालकाच्या खर्चात दाखवलेलं असतं. काही कंपन्या मजुरी आणि गॅस धरून पूर्ण वॉरंटी देतात, पण तसं असेल तर त्या ते ठळक लिहितात. लिहिलेलं नसेल तर धरलेलं नाही असंच समजा.

तुम्हाला आवडलेला फ्रिज इन्व्हर्टरचा असेल तर यात अजून एक गोष्ट येते. त्यात जुन्या धाटणीचा रिले नसतो. कॉम्प्रेसर किती वेगाने फिरवायचा हे एक इलेक्ट्रॉनिक बोर्ड ठरवतो. तो बोर्ड गेला की कॉम्प्रेसर उभाच राहतो आणि घरच्या माणसाला वाटतं, कॉम्प्रेसर गेला. दहा वर्षांत हा बोर्ड येतो की नाही हे कंपनीगणिक बदलतं. मला विचाराल तर स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा या एका ओळीला मी जास्त वजन देईन. एकीकडे कॉम्प्रेसरवर दहा वर्षं पण बोर्डावर एकच, आणि दुसरीकडे कॉम्प्रेसरवर पाच पण बोर्डावरही पाच, अशी निवड असेल तर मी दुसरा फ्रिज घेईन.

त्या प्रसंगानंतर ‘गॅरंटी आहे का?’ असं कुणी विचारलं की मी कार्ड उलटं करूनच समोर ठेवू लागलो. एकदा एका ताईंशी झालेलं बोलणं इथे देतो. तुमच्या दुकानदाराशीही असंच बोलणं व्हावं असं वाटतं.

“ताई, उद्या फ्रिज घरी आला आणि थंडच झाला नाही, तर तुम्हाला काय हवं?”

“दुसरा नवा फ्रिज.”

“ते माझ्याकडून. सात दिवसांत आपोआप बिघडला तर मी बदलून देतो. ही माझी गॅरंटी, आणि ती मी बिलावर लिहून सही करतो. आता, आठ महिन्यांनी थर्मोस्टॅट गेला तर?”

“दुरुस्त करून द्या.”

“ते कंपनीकडून, एक वर्षापर्यंत. भाग आणि मजुरी दोन्ही फुकट. फक्त काच, बल्ब आणि प्लास्टिक सोडून. आणि तिसऱ्या वर्षी थर्मोस्टॅट गेला तर?”

“तेव्हाही कंपनीच?”

“नाही, तेव्हा तुम्ही. तिसऱ्या वर्षी कंपनी फक्त कॉम्प्रेसरची, तेही मजुरी सोडून.”

ताई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे माझ्या हातात खरी गॅरंटी सात दिवसांचीच.” अगदी तेवढीच. मग त्यांनी जे विचारलं ते मी पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला आपणहून सांगायचो : “आणि चौथ्या वर्षी कॉम्प्रेसर बदलून दिलात, तर त्या नव्या कॉम्प्रेसरला पुन्हा दहा वर्षं?” सहसा नाही. बदललेल्या भागाला मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच मिळते, म्हणजे इथे सहा-सात वर्षं.

तुमच्या दुकानदाराला आता असंच विचारा. गॅरंटी की वॉरंटी हा वाद तिथे घालू नका, तो सुटणार नाही. कार्ड उघडून दाखवायला सांगा, आणि एकेक भागाचं नाव घेऊन विचारा की हा दुसऱ्या वर्षी बिघडला तर पैसे कुणाचे. कॉम्प्रेसर, बोर्ड, गॅस, मजुरी, एवढी चार नावं पुरेत. ते तरीही ‘बदलून देऊ, काळजी नको’ म्हणाले तर आनंदाने म्हणा, “मग बिलावर लिहून द्या.” किती दिवसांत, काय झाल्यास, बदलून की पैसे परत, एवढं एका ओळीत मावतं. खाली दुकानाचा शिक्का आणि सही. लिहून द्यायला तयार नसतील तर ते वचन नाही असं धरून निर्णय घ्या.

कार्ड सगळं सांगत नाही. कंपनीची वॉरंटी हे कंपनीने स्वतःहून दिलेलं वचन असतं. त्याच्याखेरीज विकलेली वस्तू सदोष निघाली तर विकणाऱ्याची जबाबदारी अनेक देशांच्या कायद्यात असतेच, आणि कार्डावर काहीही छापलं तरी ती पुसली जात नाही. युरोपीय संघात ही मुदत किमान २ वर्षं आहे आणि ती कंपनीवर नाही, थेट विक्रेत्यावर येते. म्हणून ‘आमचा काही संबंध नाही, कंपनीला फोन करा’ हे उत्तर कुणी दिलं तर ते तिथेच मान्य करू नका. तुमच्या ग्राहक कायद्यात काय आहे ते विचारून घ्या.

फ्रिज घरी येईल त्या दिवसाचं थोडंसं. खोका उघडल्यावर चारी बाजूंनी पत्रा बघा, दारं उघडून आतलं प्लास्टिक बघा, आणि पोचल्याची सही त्यानंतरच करा. पोचा किंवा तडा वॉरंटीत सहसा येत नाही आणि सही झाल्यावर तो कुणामुळे पडला हे सिद्ध होत नाही. फ्रिज आडवा करून आणला असेल तर तो उभा करून काही तास तसाच ठेवा, मग चालू करा, म्हणजे कॉम्प्रेसरमधलं तेल खाली उतरतं. आतल्या बाजूला किंवा मागे एक पट्टी असते, तिच्यावरचा सिरियल नंबर कार्डावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळवा. एक आकडा जरी चुकीचा असला तरी त्याच दिवशी दुकानात जाऊन दुरुस्त करून घ्या. तीन वर्षांनी तो आकडा दुरुस्त करायला कुणी बसलेलं नसतं. मुदत बिलाच्या तारखेपासून मोजतात की बसवल्याच्या तारखेपासून, हेही त्याच वेळी कार्डात बघून घ्या.

आणि बिल हातात घेऊन नखाने घासून बघा. घासल्यावर काळी रेघ उमटली तर तो उष्णतेवर छापणारा कागद आहे. कपाटात ठेवला तरी त्यावरची अक्षरं एक-दोन वर्षांत फिकी पडत जातात आणि शेवटी कोरा कागद उरतो. काकांचं बिल जुन्या पद्धतीचं, कार्बन लावून लिहिलेलं होतं, म्हणून चौथ्या वर्षीही वाचता आलं. तुमचं तसं नसेल तर त्याच संध्याकाळी बिलाचा, शिक्का मारलेल्या कार्डाच्या दोन्ही बाजूंचा आणि फ्रिजवरच्या पट्टीचा फोटो काढा, आणि बिलाची एक झेरॉक्स काढून कार्डासोबत ठेवा.